टोमॅटोवर ३ लाख ४० हजार जास्त खर्च झाले, जबाबदार कोण? बजेट आणि प्रत्यक्ष खर्चाचा अहवाल असा वाचतात

महिना संपला की अनेक कंपन्यांमध्ये विभागप्रमुखांच्या हातात एक तक्ता येतो. एका रकान्यात बजेट, दुसऱ्यात प्रत्यक्ष रक्कम आणि तिसऱ्यात दोन्हींतला फरक. या फरकाला 'तफावत' किंवा 'व्हेरिअन्स' म्हणतात. ज्याच्या विभागापुढे मोठा आकडा दिसतो, त्याला बैठकीत उत्तर द्यावं लागतं.

पण तफावतीचा आकडा फक्त 'किती' ते सांगतो. 'का' आणि 'कुणामुळे' हे त्यात नसतं. त्यासाठी तो आकडा फोडावा लागतो आणि प्रत्येक विभागप्रमुखासाठी दोन-तीन साध्या वाक्यांचं स्पष्टीकरण लिहावं लागतं. हे कसं करतात, ते एका काल्पनिक उदाहरणातून समजून घेऊ.

कारखान्याचा जुलै महिना

समजा, पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ टोमॅटो केचपचा एक कारखाना आहे. एक किलोच्या बाटलीला दीड किलो टोमॅटो लागतात, असा त्याचा हिशोब आहे. जुलैच्या बजेटमध्ये ४०,००० बाटल्या आणि २० रुपये किलोचा भाव धरला होता. प्रत्यक्षात ४४,००० बाटल्या तयार झाल्या आणि विकल्याही गेल्या. साखर, बाटल्या आणि पगार बाजूला ठेवले, तर महिनाअखेरचा तक्ता असा दिसतो:

| बाब | बजेट (रु.) | प्रत्यक्ष (रु.) | तफावत (रु.) |
|---|---|---|---|
| विक्री | ३६,००,००० | ३८,७२,००० | २,७२,००० अनुकूल |
| टोमॅटो | १२,००,००० | १५,४०,००० | ३,४०,००० प्रतिकूल |
| वाहतूक | ८०,००० | ९२,००० | १२,००० प्रतिकूल |
| देखभाल | १,५०,००० | ९०,००० | ६०,००० अनुकूल |

तफावतीपुढे अधिक-उणे चिन्हांऐवजी 'अनुकूल' आणि 'प्रतिकूल' असं लिहिलं आहे, याला कारण आहे. विक्री बजेटपेक्षा वाढली तर ते चांगलं, खर्च वाढला तर वाईट. नुसतं अधिकचं चिन्ह एका ओळीत शाबासकी ठरतं आणि दुसऱ्या ओळीत तक्रार.

चारही ओळींची बेरीज केली तर कारखाना बजेटपेक्षा फक्त २०,००० रुपयांनी मागे आहे. म्हणजे वरवर पाहता सगळं ठीक दिसतं. टोमॅटोचे ३,४०,००० मात्र उत्पादन विभागाच्या खात्यावर पडतात आणि देखभाल विभागाचं ६०,००० वाचवल्याबद्दल कौतुक होतं. दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत.

पहिली पायरी: बजेट प्रत्यक्ष कामाच्या मापाला आणणं

१२ लाखांचं बजेट ४०,००० बाटल्यांसाठी होतं. बाटल्या झाल्या ४४,०००. जास्त माल काढला तर टोमॅटो जास्त लागणारच. म्हणून आधी विचारायचं, की ४४,००० बाटल्यांसाठी बजेट किती असतं? दीड किलोच्या हिशोबाने ६६,००० किलो, २० रुपये भावाने १३,२०,००० रुपये. याला 'लवचिक बजेट' म्हणतात.

म्हणजे ३,४०,००० पैकी १,२०,००० रुपये फक्त जास्त बाटल्यांचे आहेत. ती उधळपट्टी नाही, कारण त्या बाटल्यांची विक्रीही तक्त्याच्या पहिल्या ओळीत आली आहे.

वाहतुकीचंही तसंच. मूळ बजेटशी तुलना केली तर खर्च १५ टक्क्यांनी जास्त दिसतो. पण बाटलीमागे २ रुपये या दराने ४४,००० बाटल्यांना ८८,००० रुपये लागणारच होते. खरा जादा खर्च ४,००० रुपये, म्हणजे साधारण साडेचार टक्के. त्यावर वाहतूक प्रमुखांकडून खुलासा मागण्याची गरज नाही.

दुसरी पायरी: भाव वेगळा, वापर वेगळा

आता उरले २,२०,००० रुपये. कारखान्याने प्रत्यक्षात ७०,००० किलो टोमॅटो सरासरी २२ रुपये किलोने घेतले आणि ते सगळे त्याच महिन्यात वापरले. भाव २ रुपयांनी जास्त होता, म्हणून ७०,००० × २ = १,४०,००० रुपये भावामुळे गेले. वापर ६६,००० ऐवजी ७०,००० किलो झाला, म्हणून ४,००० × २० = ८०,००० रुपये जास्त वापरामुळे गेले.

वापराची किंमत काढताना बजेटचाच २० रुपये भाव धरतात. नाहीतर भाववाढीचा बोजाही उत्पादन विभागावर पडेल. या पद्धतीत जादा ४,००० किलोंवरची २ रुपयांची वाढ, म्हणजे ८,००० रुपये, खरेदी विभागाकडे जातात. खरेदी प्रमुख त्यावर आक्षेप घेऊ शकतात आणि तो गैरही नाही. म्हणून कोणती रीत वापरली, हे अहवालाच्या तळाशी लिहावं आणि दर महिन्याला तीच ठेवावी.

तिसरी पायरी: नोंदवहीतून कारण शोधणं

इथपर्यंतचं काम लेखा विभाग टेबलावर बसून करू शकतो. पुढचं कारण मात्र कागदपत्रांमध्ये आणि माणसांकडे असतं.

भावाची तफावत तपासायला बाजार समितीचा भाव बघतात. समजा, त्या महिन्यात बाजारातला सरासरी भाव २१.५० रुपये होता. म्हणजे २ रुपयांपैकी दीड रुपया बाजाराचा, त्यावर कुणाचंच नियंत्रण नव्हतं. उरलेले ५० पैसे, म्हणजे एकूण ३५,००० रुपये, खरेदीच्या पद्धतीमुळे गेले. खरेदीच्या पावत्या तारखेनुसार लावल्यावर दिसतं, की महाग माल शेवटच्या आठवड्यात घाईने घेतला गेला. कारण वाढीव ऑर्डरची माहिती विक्री विभागाने उशिरा दिली.

बाजारभावाशी ताडून पाहणं टोमॅटोच्या बाबतीत फारच गरजेचं आहे. २०२३ च्या जुलैमध्ये अनेक शहरांत टोमॅटो किलोला १०० रुपयांच्या वर गेला होता. अशा महिन्यात बजेटमधला भाव मोजमाप म्हणून निरुपयोगी ठरतो आणि खरेदी प्रमुखांचं काम बाजारभावाशीच तोलावं लागतं.

आता जादा वापर. फाटकावरच्या वजनाच्या पावत्या आणि निवडणीची वही शेजारी ठेवली, की ४,००० किलोंचा माग लागतो. १,५०० किलो माल पावसात भिजलेल्या गाड्यांमधून आला होता आणि निवडतानाच बाजूला पडला. उरलेला २,५०० किलो माल चांगला होता, पण दोन दिवस पडून सडला. त्या तारखांना बॉयलरच्या नोंदवहीत 'बंद' असा शेरा आहे.

बॉयलर का बंद पडला? त्याची ठरलेली सर्व्हिसिंग जुलैत व्हायची होती. ती ऑगस्टवर ढकलली. देखभाल विभागाचे 'वाचलेले' ६०,००० रुपये ते हेच. हा खर्च टळलेला नाही, फक्त पुढच्या महिन्यात गेला आहे. शिवाय त्यापायी बजेटच्या भावानेच ५०,००० रुपयांचे टोमॅटो सडले. तक्त्यात जो विभाग सर्वात शिस्तीचा दिसत होता, त्याच्याच निर्णयाचा भुर्दंड उत्पादन विभागाच्या नावावर लागला होता.

विभागप्रमुखांसाठीचं स्पष्टीकरण कसं असावं?

'बाजारभाव वाढल्याने खर्च वाढला' हे स्पष्टीकरण नाही. त्यात आकड्याचीच गोष्ट शब्दांत सांगितली आहे. चांगल्या स्पष्टीकरणात तीन गोष्टी असतात: किती रक्कम, नेमकं कारण आणि पुढे काय होणार. या कारखान्याच्या अहवालात ती अशी लिहिता येतील:

- खरेदी: भावामुळे १,४०,००० रुपये जास्त. त्यातले १,०५,००० बाजार चढल्यामुळे, ३५,००० शेवटच्या आठवड्यातल्या घाईच्या खरेदीमुळे. वाढीव ऑर्डर दहा दिवस आधी कळली तर दुसरी रक्कम टळू शकते.
- उत्पादन: जादा वापरामुळे ८०,००० रुपये. ३०,००० भिजलेल्या मालाचे, ५०,००० बॉयलर बंद असताना सडलेल्या मालाचे. बॉयलर बंद असेल त्या दिवशी आवक थांबवायचं ठरलं आहे.
- देखभाल: ६०,००० रुपये कमी खर्च, पण ही बचत नाही. सर्व्हिसिंग ऑगस्टमध्ये होईल आणि तेव्हा तेवढाच खर्च जास्त दिसेल.
- विक्री: ४,००० जादा बाटल्यांमुळे ३,६०,००० रुपये जास्त आले. घाऊक व्यापाऱ्यांना बाटलीमागे २ रुपये सूट दिल्याने ८८,००० रुपये कमी झाले. सूट जुलैअखेर बंद केली आहे.

यात कुणावर ठपका नाही, पण कुणाची सुटकाही नाही. प्रत्येकाला आपल्या हातात काय होतं तेवढंच उत्तर द्यावं लागतं. मसुदा बैठकीच्या आधी संबंधित प्रमुखांना दाखवणं बरं. बॉयलरची गोष्ट लेखा विभागाला आकड्यांवरून कधीच कळली नसती.

फसगत कुठे होते?

सर्वात जास्त फसवतं ते वेळेचं गणित. जुलैचं वीजबिल ऑगस्टमध्ये आलं आणि जुलैत त्याची तरतूद केली नाही, तर जुलै स्वस्त दिसतो आणि ऑगस्ट महाग. वर्षाचं बजेट सरळ बाराने भागलं तरी असंच होतं, कारण टोमॅटोची खरेदी बारा महिने सारखी नसते. एका महिन्याची अनुकूल तफावत पुढच्या महिन्यात उलटी झाली, तर ती बहुधा वेळेची होती असं समजावं.

दुसरी अडचण मर्यादेची. प्रत्येक ओळीचा खुलासा मागितला तर कुणीच मनापासून लिहीत नाही. म्हणून 'फरक ५ टक्क्यांपेक्षा जास्त आणि २५,००० रुपयांपेक्षाही जास्त असेल तरच खुलासा' असा नियम ठरवता येतो. नुसती टक्केवारी ठेवली तर चहापाण्याचा खर्चही यादीत येतो, नुसती रक्कम ठेवली तर मोठ्या खर्चातला किरकोळ फरकही येतो. आकडे आपापल्या संस्थेने ठरवायचे. एक्सेलमध्ये B रकान्यात लवचिक बजेट आणि C मध्ये प्रत्यक्ष रक्कम असेल, तर हे सूत्र निवड करून देतं:

```
=IF(AND(ABS(C2-B2)>25000,ABS(C2-B2)>0.05*B2),"खुलासा","")
```

मात्र हा नियम अनुकूल तफावतींनाही लावायला हवा. `ABS` वापरण्याचं कारण तेच. फक्त जादा खर्चाचाच खुलासा मागितला असता, तर देखभालीची ओळ कुणी उघडून पाहिली नसती.

सरकारी हिशोबातही हाच प्रश्न

राज्य सरकारच्या हिशोबातही ही पद्धत आहे. विधिमंडळाने मंजूर केलेली रक्कम आणि झालेला खर्च यांची तुलना 'विनियोजन लेखे' या कागदपत्रात असते. जादा खर्चाबरोबरच न वापरलेल्या निधीची कारणंही विभागांना द्यावी लागतात. 'कॅग'च्या अहवालानंतर लोकलेखा समिती त्यावर विचारणा करू शकते. तिथेही न खर्चलेला पैसा म्हणजे बचत, असं गृहीत धरत नाहीत. काम झालं नाही म्हणून पैसा उरला का, हे आधी पाहावं लागतं.

केचपच्या कारखान्यातही ऑगस्टचा तक्ता आला, की देखभालीच्या ओळीत ६०,००० रुपये प्रतिकूल दिसतील. जुलैचं स्पष्टीकरण जपून ठेवलं असेल, तर त्या दिवशी कुणाला नव्याने जाब विचारावा लागणार नाही.