पेस्ट कंट्रोल सूचना (हैदराबाद)

इमारतीत कीटकनाशक किंवा उंदीरनाशक वापरण्यापूर्वी सर्व रहिवाशांना दिली जाणारी लेखी सूचना. हैदराबादच्या अपार्टमेंटमध्ये ती सहसा रहिवासी संघाची समिती काढते आणि लिफ्टजवळच्या फलकावर लावते. महापालिका डासांसाठी रस्त्यावर धूरफवारणी करते. ते काम वेगळे आहे. या नोंदीचा विषय घरात आणि जिन्यात होणारी फवारणी हा आहे. अशा सूचनेत तारखेइतकीच औषधाच्या नावाची आणि रूपाची गरज असते, कारण मुलांची, पाळीव प्राण्यांची आणि धान्याची काळजी कशी घ्यायची हे त्यावरच ठरते.

सर्व घरांसाठी एकच दिवस का

स्वयंपाकघरातली बारीक तपकिरी झुरळे फटींमध्ये राहतात. मोठी लालसर झुरळे ड्रेनेजच्या चेंबरमधून आणि पाइपच्या डक्टमधून वर चढतात. एकाच घरात किंवा फक्त चेंबरमध्ये फवारले, तर झुरळे त्याच डक्टने शेजाऱ्याकडे जातात. औषधाचा वास आणि वाफही त्याच वाटेने पसरतात. त्यामुळे ज्या घरात फवारणी होणार नाही, त्या घरालाही सूचना मिळाली पाहिजे. बाहेरगावी गेलेल्या कुटुंबाला ती फोनवरून द्यावी, म्हणजे ते लोक नेमके त्याच रात्री परतून बंद घरात झोपणार नाहीत.

औषधाची रूपे

घरगुती कामात मुख्यतः तीन रूपे दिसतात. पहिले जेल. फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिडचे हे आमिष बिजागरी आणि ओट्याखालच्या फटींत ठिपक्यांनी लावतात. त्यासाठी घर सोडावे लागत नाही, पण ठिपके पुसायचे नाहीत आणि त्यांवर फवारा मारायचा नाही, कारण फवाऱ्याच्या वासाने झुरळे आमिषाकडे फिरकत नाहीत. दुसरे फवारा. त्यात बहुधा डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिनसारखे पायरेथ्रॉइड असते. फवारा पूर्ण वाळेपर्यंत घर रिकामे हवे. तिसरे उंदरांची वडी. तिच्यात ब्रोमाडायोलोन असते आणि ते रक्त गोठू देत नाही.

चौथे रूप राहत्या घरात कधीच येऊ नये. ते म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड, बोलीत ‘धान्याची गोळी’. हवेतल्या ओलाव्याने तिच्यातून फॉस्फीन वायू सुटतो आणि फटींतून शेजारच्या खोलीत शिरतो. त्यावर उतारा नाही. गोदामातल्या धुरीसाठीच हिचा उपयोग आहे, तोही प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली. डायक्लोरव्हॉस हे पूर्वी घरोघर वापरले जाणारे औषध ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे. कोणी ते आणले तर काम थांबवावे.

परवाना आणि लेबल

कीटकनाशक अधिनियम, १९६८ आणि त्याखालील १९७१ च्या नियमांनुसार व्यावसायिक पेस्ट कंट्रोलला परवाना लागतो. त्यासाठी ज्या संस्थांचे प्रशिक्षण नियमांनी मान्य केले, त्यांत हैदराबादच्या राजेंद्रनगरातली वनस्पती संरक्षण प्रशिक्षण संस्था आहे. आज ती राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्था म्हणून ओळखली जाते. सामान्य रहिवाशाला परवान्याची प्रत आणि डब्यावरचे लेबल मागता येते. लेबलवरच्या चौकोनाचा रंग विषारीपणा सांगतो: लाल सर्वांत तीव्र, त्याखाली पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. लेबल नसलेल्या बाटलीतून औषध ओतले जात असेल, तर पुढचे काही तपासायची गरजच नाही. माणसाला परत पाठवावे.

मुले

रांगणाऱ्या मुलाचे हात जमिनीवरून थेट तोंडात जातात, म्हणून त्याला मोठ्यांपेक्षा जास्त धोका असतो. खेळणी, दुधाच्या बाटल्या, चादरी आणि टूथब्रश आधीच पिशवीत बांधून घराबाहेर न्यावेत. फवाऱ्यानंतर किमान चार तास, किंवा लेबलवर जास्त वेळ असेल तर तितका वेळ, घर बंद ठेवावे. मग मोठ्या माणसाने आत जाऊन सगळ्या खिडक्या उघडाव्यात आणि पंखे लावून तास-दोन तास हवा खेळू द्यावी. खोलीच्या मधली फरशी पुसून घ्यावी, भिंतीलगतची पट्टी काही दिवस पुसू नये. दम्याचे रुग्ण, गरोदर स्त्री आणि तान्हे बाळ यांनी ती रात्र दुसरीकडे काढणे बरे.

पाळीव प्राणी

पायरेथ्रॉइड मांजराच्या यकृतात नीट मोडत नाही. पंजाला लागलेले औषध ते चाटते आणि थरथर, लाळ, झटके सुरू होतात. माशांना तर अत्यल्प मात्राही मारक ठरते. टाकी झाकून भागत नाही, कारण हवेचा पंप बाहेरची वाफ पाण्यात ओढतो. पंप थोडा वेळ बंद ठेवावा किंवा टाकीच हलवावी. पक्ष्यांचा पिंजरा इमारतीबाहेर न्यावा. उंदराच्या वडीचा परिणाम कुत्र्यावर दोन-चार दिवसांनी दिसतो: मरगळ, हिरड्यांतून रक्त. त्यावर के जीवनसत्त्वाचा उपाय आहे, म्हणून वडीचे पाकीट जपून ठेवावे.

साठवलेले अन्न

घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यातले धान्य जागेवर राहिले तरी चालते. पातळ प्लास्टिकच्या पुड्या, पिठाच्या पिशव्या, उघडे तेल-तूप, फळे आणि पाण्याची मडकी बाहेर काढावीत. स्निग्ध पदार्थ औषध लवकर शोषतात. फवारा पडलेले अन्न धुऊन वापरू नये, टाकून द्यावे. ओटा आणि भांडी साबणाने धुवावीत. वर्षभराच्या तांदूळ-गव्हात औषध घालू नये. उन्हात वाळवून कोरड्या डब्यात भरणे पुरते.

काय चुकते

फेब्रुवारी २०२० मध्ये पुण्याच्या बिबवेवाडीत एका दांपत्याने घरात पेस्ट कंट्रोल करून घेतले आणि त्याच दिवशी ते घरी परतले. दारे-खिडक्या बंदच होत्या. दोघांचाही मृत्यू झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये चेन्नईजवळच्या कुंद्रत्तूरला उंदरांसाठी औषध ठेवलेल्या घरात एसी लावून झोपलेल्या कुटुंबातली दोन मुले दगावली. दोन्हीकडे माणसे कोंडलेल्या हवेत राहिली. एसी तीच हवा फिरवतो, ताजी आणत नाही. मळमळ, चक्कर, डोकेदुखी किंवा धाप एकाहून अधिक जणांना एकदम जाणवली, तर ते अन्नाचे बाधणे समजून घरात बसू नये.

नमुना

“रविवारी सकाळी १० ते १ या वेळेत सर्व मजल्यांवर पेस्ट कंट्रोल होईल. स्वयंपाकघरात जेल, जिना व चेंबरमध्ये डेल्टामेथ्रिनचा फवारा. संध्याकाळी ५ पर्यंत मुलांना जिन्यात सोडू नये. डक्टकडच्या खिडक्या बंद ठेवाव्यात. मासे, पक्षी व मांजरे असलेल्या घरांनी शुक्रवारपर्यंत समितीला कळवावे. घरात जेल नको असल्यास तसे लिहून द्यावे. औषधाचे लेबल कार्यालयात पाहता येईल.” हैदराबादेत ही सूचना तेलुगू, उर्दू किंवा हिंदी आणि इंग्रजीत लावावी, घरकामाच्या बाई आणि रखवालदार यांना ती तोंडी सांगावी.

आणीबाणी

प्रथम सर्वांना मोकळ्या हवेत आणावे, उलटी करवू नये, अंगावरचे कपडे बदलून कातडी साबणाने धुवावी. १०८ ला फोन करावा. ही रुग्णवाहिका सेवा २००५ मध्ये हैदराबादेतच सुरू झाली. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विषमाहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८००-११६-११७ आहे. रुग्णालयात जाताना औषधाचे लेबल किंवा त्याचा फोटो सोबत न्यावा, कारण उपचार औषधाच्या नावावर ठरतो.