प्रतिसाद-मुदत व एस्कलेशन (ग्राहकांचे ई-मेल)

ग्राहकाच्या ई-मेलला किती वेळात उत्तर द्यायचे आणि ते न गेल्यास प्रकरण कोणी, केव्हा हाती घ्यायचे याचे आस्थापनेने लिहून ठेवलेले नियम. पहिल्या उत्तराची मुदत आणि तक्रार मिटवण्याची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑनलाइन विक्रीत दोन्हींची बाहेरची सीमा ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 ने आखली आहे : तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यावी आणि महिन्याभरात तक्रार सोडवावी.

घरची मुदत बहुधा कामाच्या तासांत मोजतात आणि घोटाळा तिथेच होतो. समजा, वाशिम जिल्ह्यात कारंजा येथून तूरडाळ ऑनलाइन विकणाऱ्या एका दुकानाची वेळ सोमवार ते शनिवार 10 ते 6 आहे आणि पहिल्या उत्तराची मुदत कामाचे 8 तास. शनिवारी दुपारी 4 वाजता ‘पोते फाटके आले’ असा मेल आला. शनिवारचे 2 आणि सोमवारचे 6 तास धरून मुदत सोमवारी दुपारी 4 ला संपते. कायद्याचे 48 तासही नेमके तेव्हाच भरतात. पण त्या सोमवारी पोळा असेल आणि दुकान बंद राहिले, तर घरची मुदत मंगळवारी 4 पर्यंत सरकते. दुकानाच्या हिशेबात उत्तर वेळेत गेलेले असते, नियमाच्या हिशेबात एक दिवस उशिरा. म्हणून मेल येताच तक्रार क्रमांकासह पोच आपोआप जावी. मात्र ती पहिले उत्तर म्हणून मोजू नये, नाहीतर आकडे चोख दिसतात आणि ग्राहक ताटकळत राहतो.

एस्कलेशन मुदत उलटण्याआधी व्हावे लागते. वरच्या उदाहरणात सहावा तास भरला की प्रकरण दुकानमालकाकडे जावे, म्हणजे त्याच्या हाती दोन तास उरतात. सूचना एकाच माणसाच्या नावे हवी. चौघांना गेलेली सूचना कोणीच आपली मानत नाही. एकाच सामाईक इनबॉक्समध्ये आणखी एक खोड असते : कोणी मेल उघडून पाहिला की तो वाचलेला दिसतो आणि मागे पडतो. ज्या ग्राहकाचे अनुत्तरित पत्र सर्वांत जुने, त्याला यादीत वर ठेवणे हा त्यावरचा उपाय.

मुदत पाळण्यासाठी ‘पाहतो, कळवतो’ असे पोकळ उत्तर पाठवण्याची सवय सरासरीतून कळत नाही. ती ओळखण्यासाठी एकाच तक्रारीवर ग्राहकाला किती वेळा लिहावे लागले ते मोजतात. ग्राहकाकडून फोटो किंवा बिल मागितले असेल तर मिटवण्याचे घड्याळ घरच्या हिशेबात थांबवता येते. नियमातील महिना मात्र तक्रार मिळाल्यापासून चालू असतो.

तक्रार आस्थापनेत मिटली नाही तर ग्राहक 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार ग्राहक राहतो तेथील आयोगातही दावा दाखल करता येतो. त्यामुळे विक्रेता मुंबईचा असला तरी वाशिमच्या ग्राहकाला दावा वाशिममध्ये लावता येतो.