मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरचे विषाणुसंसर्ग

१९७१ साली लंडनमध्ये सिल्व्हिया गार्डनर आणि सहकाऱ्यांना मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या एका रुग्णाच्या लघवीत नवा विषाणू सापडला. रुग्णाच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘बीके’ हे नाव मिळाले. बहुतेकांना त्याची लागण लहानपणीच होते. पुढे तो मूत्रमार्गात निपचित पडून राहतो.

प्रत्यारोपित मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट यांसारखी औषधे देतात. त्यांनी टी-पेशी दुबळ्या होतात आणि बीके डोके वर काढतो. ताप नाही, वेदना नाहीत. फक्त क्रिएटिनिन चढते. खरी पंचाईत इथेच आहे, कारण अवयव नाकारला जातानाही तेच घडते आणि त्यावरचा उपाय नेमका उलटा, म्हणजे प्रतिकारशक्ती आणखी दाबण्याचा असतो. म्हणून सुरुवातीचे महिने दरमहा रक्ताची पीसीआर तपासणी करतात. मिलिलिटरमागे विषाणूच्या १०,०००हून अधिक प्रती आढळल्या, तर बायोप्सीची वाट न पाहताही औषधे टप्प्याटप्प्याने घटवतात; अनेकदा आधी मायकोफेनोलेट. बीकेवर खात्रीचे औषध नसल्याने रुग्णाच्या टी-पेशींनाच मोकळीक द्यावी लागते. मात्र मात्रा फार उतरली, तर अवयव नाकारला जाण्याचा धोका वाढतो.

प्रत्यारोपणानंतर डोके वर काढणाऱ्या सायटोमेगॅलोव्हायरस या दुसऱ्या विषाणूवर मात्र व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर चालते. दात्याला पूर्वी लागण झालेली आणि रुग्णाला कधीच नाही, अशा जोडीत धोका सर्वाधिक. तिथे ते बहुधा सहा महिने प्रतिबंधक म्हणून देतात.