वऱ्हाडाचे रेल्वे आरक्षण: नावांची यादी आधी पक्की करा

मुलुंडचे 40 जणांचे वऱ्हाड ठाण्याहून एकाच गाडीने रत्नागिरीस जाणार असल्यास आरक्षणाचे सात अर्ज भरावे लागतात. कारण एका अर्जावर सहाच नावे बसतात. एकत्रित आरक्षणासाठी वऱ्हाडप्रमुखाने आरक्षण पर्यवेक्षकाकडे लेखी विनंती करून सर्वांची नावे व वये यांची यादी द्यावी. जागा अडवून भाडे मागाहून भरता येत नाही; तिकीट घेतानाच पूर्ण रक्कम भरावी लागते.

पुढे कोणी गळाल्यास गाडी सुटण्यापूर्वी किमान 48 तास प्रमुखाने लेखी विनंती केल्यास नाव बदलून मिळते. मात्र ही सवलत एकदाच आणि एकूण संख्येच्या दहा टक्क्यांपुरती, म्हणजे येथे चार नावांपुरती असते. त्यामुळे सर्व बदल एकाच अर्जात द्यावेत.