प्रेसवरील अपघाताचा अहवाल: पाहिलेले, ऐकलेले आणि ठरवलेले

पॉवर प्रेसमध्ये बोट गेले की व्यवस्थापनाकडे जाणाऱ्या अहवालात कारण म्हणून बरेचदा एकच ओळ येते: ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’. ती ओळ असते निष्कर्ष, पण लिहिलेली असते वस्तुस्थिती म्हणून, आणि तिच्यापाशीच तपास थांबतो.

एक नेहमीच्या धर्तीचे उदाहरण घेऊ. 50 टनी यांत्रिक प्रेस, पिन क्लचचा, फूट पेडलवर चालणारा. दुसऱ्या शिफ्टमध्ये ऑपरेटर डायमधला जॉब काढत असताना स्लाइड खाली आली. घटनेचा परिच्छेद असा हवा: “सायंकाळी 6.40 वाजता प्रेस क्र. 4 वर अपघात झाला. पाय पेडलवर नव्हता, असे ऑपरेटर सांगतो. शेजारच्या कामगाराने पेडल पाहिले नाही. त्याने लागोपाठ दोन ठोक्यांचा आवाज ऐकला. पुढचा गार्ड काढून भिंतीशी ठेवलेला होता, हे सुपरवायझरने पाहिले.” यात कोणी काय पाहिले आणि कोणी काय सांगितले, हे वेगळे राहते. गार्ड कधीपासून निघालेला होता, कोणी काढला आणि काढलेला आहे हे कोणाला ठाऊक होते, हेही लागलीच विचारून लिहावे. दोन दिवसांनी सगळ्यांची उत्तरे एकसारखी होतात.

जखमेचे वर्णन नेमके हवे. ‘हाताला दुखापत’ यातून काहीच कळत नाही. ‘उजव्या तर्जनीचे टोकाकडचे पेर तुटले, मधले बोट चेचले’ असे लिहावे. बोट पुन्हा जोडता येईल का, हे डॉक्टरांच्या नावावर ठेवावे, आपल्या अंदाजावर नाही. तुटलेला भाग कसा नेला, हीसुद्धा नोंद करण्याची गोष्ट आहे. तो ओल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून, पिशवीत बंद करून, ती पिशवी बर्फावर ठेवायची असते. घाईत तो थेट बर्फात टाकला जातो आणि पेशी गोठून निकामी होतात.

तातडीच्या कारवाईत ‘मशीन बंद केले’ एवढे पुरत नाही. मोटर बंद केल्यावरही फ्लायव्हील बराच वेळ फिरत असते. म्हणून वीज तोडून स्विचला कुलूप लावले, फ्लायव्हील थांबू दिले, स्लाइडखाली सेफ्टी ब्लॉक दिला, हे क्रमाने यावे. प्रेस ज्या अवस्थेत होता त्याचे फोटो घ्यावेत. फिटरला त्याच रात्री प्रेस ‘नीट’ करू देऊ नये. क्लचची तुटकी स्प्रिंग भंगारात गेली की अपघाताचा मुख्य साक्षीदार गेला.

आता कारण. पेडल दाबले की पिन फ्लायव्हीलमध्ये अडकते, क्रँकशाफ्ट एक पूर्ण फेरा मारतो, मग कॅम पिन बाहेर ओढतो आणि ब्रेक स्लाइडला वर धरतो. पिन झिजली, स्प्रिंग तुटली किंवा ब्रेक सैल पडला, तर स्लाइड वर न थांबता पुन्हा खाली येऊ शकते. यालाच डबल स्ट्रोक म्हणतात. दोन ठोक्यांचा आवाज इथे जुळतो, पण सिद्ध काहीच करत नाही. पाय चुकून पेडलवर पडला असेल तरीही दोन ठोके ऐकू येतील. क्लच उघडून पाहेपर्यंत अहवालात ‘संभाव्य कारण’ हाच शब्द राहावा.

उपाय या तपासणीवर टिकतात. सवयीने सुचवला जातो तो लाइट कर्टन. पण पिन क्लच एकदा अडकला की फेरा पुरा होईपर्यंत सुटत नाही; किरण तुटला तरी स्लाइड येतेच. दोन हातांची बटणेही डबल स्ट्रोकपुढे हरतात, कारण पहिल्या फेऱ्यानंतर हात मोकळे होऊन डायमध्ये गेलेले असतात. म्हणून अशा प्रेसवर हात आत जाऊच न देणारा बंदिस्त डाय हवा, किंवा बंद झाल्याशिवाय स्ट्रोक सुटू न देणारे आणि स्लाइड वर थांबेपर्यंत न उघडणारे गेट हवे. चिमटा द्यावा, पण गार्डऐवजी नव्हे. खर्चाची तयारी असेल तर फ्रिक्शन क्लचचा प्रेस घ्यावा. तो मध्येच थांबवता येतो आणि तिथे लाइट कर्टनला अर्थ असतो.

दुखापतीमुळे कामगार 48 तास किंवा अधिक कामावर येऊ शकत नसेल, तर सरकारी यंत्रणेला सूचना देणे बंधनकारक आहे. कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 88 मध्ये ही मर्यादा होती, नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही आहे. कारण सापडण्याची वाट पाहत ती सूचना अडवून ठेवू नये.

शेवटी प्रत्येक उपायापुढे जबाबदार व्यक्ती आणि तारीख लिहावी, आणि प्रेस क्र. 4 पुन्हा कोणाच्या लेखी परवानगीने सुरू होईल, हेही. त्याच जातीचा क्लच असलेले बाकीचे प्रेस त्याच आठवड्यात उघडून पाहायचे, ही नोंद मात्र पहिल्याच अहवालात हवी. तिथली स्प्रिंगही तेवढीच जुनी असू शकते.