एलिसा चाचणीत रंगावरून प्रथिनाचे प्रमाण कसे काढतात? बीटी कपाशीच्या पानाचे उदाहरण

सप्टेंबरच्या मध्याला फुलंब्री तालुक्यातले एक शेतकरी शहागंजच्या बाजारात भेटले. पिशवीत अळी लागलेली बोंडे होती आणि हातात एका खासगी प्रयोगशाळेचा अहवाल. त्यांच्याकडे एकाच बीटी वाणाचे दोन प्लॉट होते. एक बागायती, मे अखेरीस लावलेला, म्हणजे ११० दिवसांचा. दुसरा कोरडवाहू, जुलैच्या मध्यात दुबार पेरलेला, साधारण ६० दिवसांचा. अहवालात दोनच आकडे होते: पहिल्या प्लॉटचे पान ०.५६, दुसऱ्याचे १.५६, आणि दोन्हींसमोर ‘पॉझिटिव्ह’. त्यांचा प्रश्न सरळ होता: “साहेब, ०.५६ म्हणजे जास्त की कमी? बियाणे खरे की खोटे?”

एवढ्या अहवालावरून याचे उत्तर देता येत नाही. हे दोन आकडे रंगाच्या गडदपणाचे आहेत, प्रथिनाचे नाहीत. रंगावरून प्रथिनाच्या प्रमाणापर्यंत कसे जायचे, ते या लेखात याच उदाहरणाने पाहू. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत.

एलिसा म्हणजे काय

बीटी कपाशीच्या पेशींत क्राय१एसी हे प्रथिन तयार होते. ते अळीच्या पोटात गेले की अळी मरते. बोलगार्ड-२ वाणांत त्याच्या जोडीला क्राय२एबी हे दुसरे प्रथिन असते. हे प्रथिन डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याला ओळखून चिकटणारी प्रतिपिंडे वापरतात. प्रतिपिंडाला एक विकर जोडलेले असते. त्यावर रंगद्रव्याचे द्रावण घातले की निळा रंग येतो. आम्ल टाकून क्रिया थांबवली की तो पिवळा होतो. हा पिवळा रंग ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात यंत्रावर मोजतात. अहवालातला ०.५६ हा आकडा या मोजणीचा. त्याला प्रयोगशाळेत ‘ओडी’ म्हणतात.

चाचणी ९६ खाचांच्या प्लास्टिक प्लेटवर होते. प्लेटवर आधी काय चिकटवायचे, यावरून तिचे प्रकार पडतात.

इनडायरेक्ट एलिसा: इथे का चालत नाही

इनडायरेक्ट पद्धतीत प्लेटच्या तळाला थेट प्रतिजन चिकटवतात. जनावरांच्या सांसर्गिक गर्भपाताची, म्हणजे ब्रुसेल्लोसिसची चाचणी घ्या. प्लेटवर ब्रुसेल्ला जिवाणूचा अंश आधीच असतो. त्यावर गाईच्या रक्तातला सीरम घालतात. गाईला संसर्ग झालेला असेल, तर तिच्या रक्तातली प्रतिपिंडे त्या अंशाला चिकटतात. मग गाईच्या प्रतिपिंडाला ओळखणारे, विकर जोडलेले दुसरे प्रतिपिंड घालून रंग आणतात. इथे आपण प्रतिपिंड शोधतो आणि त्यासाठी ही पद्धत उत्तम आहे.

कपाशीच्या पानात मात्र प्रतिपिंड नसते, आपल्याला प्रथिन मोजायचे असते. इनडायरेक्ट पद्धत वापरायची तर पानाचा अर्क थेट प्लेटवर चिकटवावा लागेल. अडचण इथेच येते. प्लास्टिकवर जागा मर्यादित असते आणि पानाच्या अर्कातली सगळी प्रथिने त्या जागेसाठी स्पर्धा करतात. पानातल्या विरघळणाऱ्या प्रथिनांपैकी जवळपास निम्मे एकटे रुबिस्को असू शकते. त्यापुढे क्राय१एसी अगदी थोडे. कोवळ्या पानात एकूण प्रथिन जास्त आणि जुन्या पानात कमी असल्यामुळे ही स्पर्धाही पानागणिक बदलते. रंग कमी आला तर क्राय१एसी कमी होते की त्याला जागा मिळाली नाही, हे सांगता येत नाही. पानात विषाणू आहे की नाही एवढेच पाहायचे असेल, तर अर्क थेट चिकटवण्याची ही पद्धत चालते. प्रमाण काढायला ती भरवशाची नाही.

सँडविच एलिसा: प्रथिन मधोमध पकडायचे

सँडविच पद्धतीत प्लेटच्या तळाला क्राय१एसीला पकडणारे प्रतिपिंड आधीच बसवलेले असते. अर्क घातला की फक्त क्राय१एसी त्याला अडकते, बाकी प्रथिने धुण्यात निघून जातात. मग विकर जोडलेले दुसरे प्रतिपिंड घालतात. ते त्याच प्रथिनाच्या वेगळ्या भागाला चिकटते. पुन्हा धुऊन रंगद्रव्य घालतात. प्रथिन दोन प्रतिपिंडांच्या मध्ये सापडते, म्हणून नाव सँडविच.

अर्क कसाही असला तरी तळाला एकच ठराविक प्रतिपिंड असते आणि दोन ठिकाणी ओळख पटल्याशिवाय रंग येत नाही. म्हणून बीटी प्रथिनाचे प्रमाण काढण्यासाठी हीच पद्धत वापरतात. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने बीटी कपाशीसाठी अशा चाचणी संचांवर काम केले आहे. शेतात वापरायची पट्टी हीदेखील याच तत्त्वावर चालते, पण ती फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ सांगते.

स्टँडर्ड कर्व्ह: रंगाची मोजपट्टी

खोलीचे तापमान, रंगद्रव्य किती जुने आहे, क्रिया किती मिनिटे चालू दिली, या सगळ्यांनी रंग बदलतो. तोच अर्क आज ०.५६ दाखवेल आणि उद्या ०.७०. म्हणून प्रत्येक प्लेटवर नमुन्यांच्या शेजारी क्राय१एसीचे माहीत असलेल्या प्रमाणाचे द्रावण लावतात. ज्या परिस्थितीत नमुन्याला रंग आला, त्याच परिस्थितीत या द्रावणांनाही येतो. या प्लेटवरची वाचने मी प्रयोगशाळेकडून मागवली, ती अशी होती:

| क्राय१एसी (नॅनोग्रॅम प्रति मिलि) | वाचन | ० चे वाचन वजा करून |
|---|---|---|
| ० | ०.०६ | ० |
| ०.२५ | ०.१५ | ०.०९ |
| ०.५ | ०.२४ | ०.१८ |
| १ | ०.४२ | ०.३६ |
| २ | ०.७६ | ०.७० |
| ४ | १.३६ | १.३० |

आडव्या अक्षावर प्रमाण आणि उभ्या अक्षावर रंग घेऊन आलेख काढा. सुरुवातीला रेघ सरळ चढते. ०.५ वरून १ वर गेलो तर रंगही दुप्पट होतो. पण २ वरून ४ वर गेल्यावर रंग ०.७० वरून १.३० होतो, दुप्पट नाही. तळाची प्रतिपिंडे भरत येतात आणि रेघ आडवी होऊ लागते. म्हणून ‘रंग तिप्पट म्हणजे प्रथिन तिप्पट’ हा हिशेब चालत नाही.

पहिल्या प्लॉटचा हिशेब

वाचन ०.५६. त्यातून ०.०६ वजा केले की ०.५० उरतात. तक्त्यात हे १ (०.३६) आणि २ (०.७०) यांच्या मध्ये येते. ०.३६ पासून ०.५० पर्यंतचे अंतर ०.१४, आणि दोन बिंदूंमधले एकूण अंतर ०.३४. म्हणून प्रमाण १ + (०.१४ ÷ ०.३४) = १.४१ नॅनोग्रॅम प्रति मिलि. संगणक सगळ्या बिंदूंतून वक्र रेघ बसवून हेच काम जास्त बारकाईने करतो.

हे झाले खाचेतल्या पातळ अर्काचे प्रमाण. आता पानापर्यंत मागे जायचे. २० मिलिग्रॅम पान १ मिलि द्रावणात वाटले होते, म्हणजे १ ग्रॅम पानाला ५० मिलि. तो अर्क पुढे २० पट पातळ केला होता. म्हणून १.४१ × २० × ५० = १,४१० नॅनोग्रॅम, म्हणजे दर ग्रॅम ताज्या पानात १.४१ मायक्रोग्रॅम.

दुसऱ्या प्लॉटचा हिशेब

वाचन १.५६, वजा करून १.५०. हे सर्वांत वरच्या बिंदूच्याही, म्हणजे १.३० च्या पलीकडचे आहे. तिथे मोजपट्टीच संपली. सुरुवातीची सरळ रेघ पुढे ओढून हिशेब केला, तर १.५० ÷ ०.३६ = ४.१७ नॅनोग्रॅम, म्हणजे पानात ४.१७ मायक्रोग्रॅम येतात. हे चूक आहे. प्रयोगशाळेने राहिलेला अर्क आणखी पाच पट पातळ करून, नव्या प्लेटवर नव्या प्रमाण द्रावणांसह पुन्हा लावला. आता नमुना मोजपट्टीच्या मधोमध आला आणि प्रमाण १.० नॅनोग्रॅम निघाले. १.० × १०० × ५० = ५,००० नॅनोग्रॅम, म्हणजे ५ मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम.

रंगाकडे पाहून दोन प्लॉटमधला फरक तिप्पट वाटत होता. प्रत्यक्षात तो साडेतीन पट निघाला.

अहवालावर विश्वास ठेवण्याआधी हे पाहा

- प्रत्येक नमुना दोन खाचांत लावलेला असावा आणि दोन्ही वाचने जवळपास सारखी असावीत. मोठी तफावत असेल तर धुणे किंवा पिपेट चुकले असे समजा.
- नमुन्याचे वाचन प्रमाण द्रावणांच्या सर्वांत खालच्या आणि वरच्या बिंदूंच्या आत असावे.
- त्याच प्लेटवर बीटी नसलेल्या कपाशीच्या पानाचा अर्क लावलेला असावा. त्याला रंग आला असेल तर प्लेट बाद.
- एकच अर्क दोन वेगळ्या प्रमाणांत पातळ करून शेवटचे उत्तर सारखे येते का, हे विचारा. पातळ केल्यावर उत्तर वाढत असेल, तर पानातले दुसरे घटक रंगाला अडवत आहेत.
- पान तोडल्यावर लगेच बर्फात ठेवा. पान उन्हात सुकले तर वजन घटते आणि ताज्या वजनावर काढलेले प्रमाण खोटे फुगते.

या आकड्यावरून काय ठरवायचे

बियाणे खोटे नव्हते, दोन्ही प्लॉटमध्ये प्रथिन होते. क्राय१एसी पिकाच्या वयाबरोबर घटतेच. भारतीय बीटी संकरित वाणांवर नागपूरच्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पेरणीनंतर साधारण ११० दिवसांनी ते १.९ मायक्रोग्रॅमच्या खाली गेलेले आढळले. सुमारे १.८ च्या खाली अमेरिकन बोंड अळी जगण्याचे प्रमाण वाढते, असेही त्यात दिसले. पानापेक्षा पाते, फुले आणि बोंडे यांत ते आणखी कमी असते. त्यामुळे ११० दिवसांच्या पानात १.४१ येणे हे वयाचे लक्षण आहे, फसवणुकीचे नाही. उलट, पाकिटातच बीटी नसलेले काही बियाणे मिसळलेले असते, म्हणून एखाद-दुसरे झाड निगेटिव्ह आले तरी बियाणे खोटे ठरत नाही. वेगवेगळ्या झाडांची पाने तपासावी लागतात.

एक गोष्ट मात्र एलिसा सांगत नाही. पिशवीतली अळी गुलाबी बोंड अळी होती, आणि तिच्यात दोन्ही क्राय प्रथिनांविरुद्ध प्रतिकारक्षमता आलेली आहे. पानात ५ मायक्रोग्रॅम असले तरी ती थांबणार नाही. म्हणून ६० दिवसांच्या प्लॉटचा आकडा चांगला आला, एवढ्यावर तिथे निर्धास्त राहू नका. तिथे आताच कामगंध सापळे लावा. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ पतंग सापडले, किंवा १० टक्के फुले अथवा बोंडे प्रादुर्भावग्रस्त दिसली, की फवारणीचा निर्णय घ्या. त्यासाठी एलिसाच्या अहवालाची वाट पाहायची गरज नाही.