अन्त्य दीर्घाचा इतिहास

कवी, पक्षी आणि नदी हे तीन शब्द मराठीत आज सारख्याच दीर्घ ईकाराने संपतात. संस्कृतात मात्र त्यांची मूळ रूपे वेगवेगळी आहेत: कवि, पक्षिन् आणि नदी. हा भेद मराठी लेखनात कोठे लोपतो आणि कोठे पुन्हा प्रकट होतो, हे पाहिले म्हणजे तत्सम शब्दांच्या ऱ्हस्वदीर्घाचे कोडे बरेचसे उलगडते.

1962 पूर्वीच्या मराठी ग्रंथांत कवि, बुद्धि, गुरु अशी मूळ संस्कृतानुसारी ऱ्हस्वान्त रूपे रूढ होती. मराठी उच्चारात शब्दाचा अन्त्य इकार व उकार दीर्घ होतो. लेखन मात्र संस्कृताला धरून राहिले होते. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले चौदा नियम 1962 मध्ये महाराष्ट्र शासनाने स्वीकारले व 1972 मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. या नियमांनी उच्चाराचा पक्ष घेतला आणि कवी, बुद्धी, गुरू ही रूपे प्रमाण ठरली. हिंदीत कवि आणि गुरु ऱ्हस्वान्तच राहिले. दोन्ही भाषांची लिपी एक असूनही हा फरक पडला तो यामुळे.

परंतु नियमाने मूळ रूपाला पूर्ण रजा दिली नाही. असा शब्द समासाचे पूर्वपद झाला की संस्कृतातील ऱ्हस्व परत येतो: कविसंमेलन, बुद्धिवैभव, गुरुकुल. पक्षिन्, विद्यार्थिन् यांसारख्या इन्नन्त शब्दांचा अन्त्य न् समासात लोपतो आणि मागे ऱ्हस्व इकार उरतो. म्हणून पक्षिमित्र, विद्यार्थिवर्ग. नदी व वधू मुळातच दीर्घ, म्हणून नदीतीर, वधूवर. शशिकांत आणि रजनीकांत या नावांपैकी पहिल्यात ऱ्हस्व व दुसऱ्यात दीर्घ. कारण मूळ शब्द शशिन् आणि रजनी.

चूक बहुधा येथेच होते. 'भूमी' दीर्घ लिहिण्याची सवय असलेला लेखक 'भूमीपूजन' लिहून जातो. पण 'भूमीवर', 'भूमीला' यांत दीर्घ योग्य आहे, कारण तेथे मराठी शब्दयोगी अव्यय वा प्रत्यय लागला आहे. 'भूमिपूजन' हा समास असल्याने त्यात मूळचा ऱ्हस्व हवा. आणि 'जन्मभूमी'त भूमी हे उत्तरपद असल्याने तो पुन्हा दीर्घ होतो. अर्थात शंका आल्यास दोन प्रश्न पुरतात: शब्द समासाचे पूर्वपद आहे काय? असल्यास त्याचे मूळ रूप कोणते? तथापि, यद्यपि ही तत्सम अव्यये मात्र या दीर्घत्वातून वगळलेली आहेत.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कानाला ऐकू येत नाही, ते संस्कृत कोशातच शोधावे लागते. उच्चाराला मान देणाऱ्या नियमाने समासापुरते संस्कृताचे ज्ञान लेखकाकडून मागितले, ही त्याची मर्यादा आहे. जुना ग्रंथ पुन्हा छापताना 'कवि' ही मुद्रणातील चूक समजून दुरुस्त करू नये. ते त्या काळचे प्रमाण लेखन होते.